प्रतिक्रियेला उत्तर: काकांचं माप डोक्यावरून घेऊ नका

«एका फोटोतला माणूस दुसऱ्या फोटोत बसवण्यावरचा तुमचा लेख वाचून काकांना आमच्या वाड्यातल्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत उजव्या टोकाला बसवलं. गच्चीवर दुपारी काढलेला त्यांचा फोटो होता. डोकं पुढे खुर्चीत बसलेल्या आजीच्या डोक्याएवढं केलं, उजेड जुळावा म्हणून फोटो आरशासारखा उलटा केला, Drop Shadow दिली. तरी काका हवेत तरंगतायत. क्षितिजरेषेची गणितं सांगून लोकांना घाबरवण्यापेक्षा डोळ्यांना बरं दिसेल ते करा म्हणालात तर बरं.»

डोळ्यांना बरं दिसण्यावरच सोडलं की नेमकं हेच होतं, म्हणून गणिताचा आग्रह धरतो. आजी कॅमेऱ्यापासून साधारण 3 मीटरवर आणि मागची रांग 4 मीटरवर धरली, तर आजीचं डोकं मागच्यांच्या दीडपट नाही, पण एकतृतीयांशाने तरी मोठं उमटतं. काकांचं डोकं तेवढं केलंत म्हणजे 5 फूट 6 इंचांचे काका 7 फूट 4 इंचांचे झाले. आता डोकी एका ओळीत ठेवायची तर पाय मागच्या रांगेच्या बरेच खाली उतरतात. पाय सांगतात काका पुढे आहेत, खांदा मात्र शेजारच्याच्या मागे गेलेला. तरंगण्याचं पहिलं कारण हे.

हिशेब पायांपासून करा. फरशीच्या मागे जाणाऱ्या रेघा वाढवल्या की त्या जिथे एकमेकींना मिळतात, त्या उंचीवर आडवी रेघ मारा. ती क्षितिजरेषा. जमीन सपाट असेल तर ही रेघ पुढच्या-मागच्या प्रत्येकाला जमिनीपासून एकाच उंचीवर कापते, आणि ती उंची म्हणजे कॅमेऱ्याची उंची. समजा ती मागच्या रांगेतल्या 5 फूट 8 इंचांच्या भावाच्या हनुवटीजवळून जाते, म्हणजे कॅमेरा अंदाजे 5 फुटांवर होता. काकांचे पाय जिथे टेकवायचे तिथून रेघेपर्यंत 1500 पिक्सेल भरले, तर त्या जागी 60 इंच म्हणजे 1500 पिक्सेल आणि 66 इंचांचे काका 1650 पिक्सेल. डोकं कुणाएवढं येतं ते बघायचंच नाही.

हीच रेघ काकांच्या मूळ फोटोतही शोधा, गच्चीच्या कठड्याच्या कडांवरून सापडेल. तिथे ती त्यांच्या कमरेतून जात असेल, तर फोटो खाली बसून किंवा लहान मुलाने काढलाय. मग हनुवटी खालून दिसते आणि कितीही लहानमोठं करून ती सरळ होत नाही.

Drop Shadow काढूनच टाका. ती माणसाच्या आकाराची छाया मागच्या हवेत पाडते, जणू काका पुठ्ठ्याचे आहेत. शेजारच्या भावाच्या चपला मोठ्या करून बघा: तळव्याला लागून एक बारीक, गडद कड आहे आणि तिच्याभोवती पसरट, फिकट, लगेच विरणारी छाया. दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर, Multiply ठेवून, लहान ब्रशने काढा. रंग काळा नको, भावाच्या पायाजवळच्या सावलीतूनच उचला. पहिली कड नसेल तर दुसरी कितीही छान काढा, पाय जमिनीला लागत नाहीत. आणखी एक गोष्ट हमखास राहते. उजेड डावीकडून आहे आणि डावीकडे भाऊ उभा आहे, म्हणजे तो काकांचा थोडा उजेड अडवणारच. त्यांची भावाकडची बाही आणि कूस किंचित गडद करा.

फोटो उलटा केल्याने शर्टाचा खिसा उजवीकडे गेला, भांगही बदलला. घरच्यांना कारण सांगता येत नाही, पण काका वेगळे वाटतात. (बायकांच्या बाबतीत पदर उजव्या खांद्यावर जातो, तो तर लगेच कळतो.)

उजेडाचं मात्र दुपारच्या त्या फोटोत काही होणार नाही. डोक्यावरच्या उन्हाने भुवयांखाली आणि नाकाखाली धारदार काळ्या छाया पडतात. वाड्यातला उजेड मऊ, एका बाजूने येणारा. त्या छाया ब्रशने उजळल्या की तिथली कातडी राखाडी, मातकट दिसते, कारण त्यात तपशील फारसा उरलेलाच नसतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहिलात तर रंगांची भूल जाते आणि हा फरक स्पष्ट दिसतो.

म्हणून दुरुस्ती थांबवा आणि काकांना पुन्हा फोटो काढायला सांगा. ओसरीत किंवा गॅलरीत, उन्हापासून आत, उघडी बाजू फोटोत डावीकडे येईल असं उभं राहून. फोन 5 फूट उंचीवर, 4 मीटर लांब, झूम न करता, पायांसकट. जवळून काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोटो व्हॉट्सॲपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर सगळे स्वच्छ आणि एकटे काका धुरकट येतील.