तळजाईवर सापडलेल्या बँडबद्दल खुलासा

“तळजाईवर काळा बँड सापडलाय. पट्ट्यावरून एमआय बँड ३ आहे. ज्याचा असेल त्याने न्यावा.”

हा मेसेज परवा मीच टाकला होता आणि तो चुकीचा आहे. बँड ३ नाही, बँड ४ आहे. ३ आणि ४ चे पट्टे एकमेकांना बसतात, त्यामुळे पट्ट्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय बाजारात दुसऱ्या कंपन्यांचे पट्टेही मिळतात.

काल डबी पट्ट्यातून काढून पाठीचा फोटो घेतला. सेन्सरच्या खाली, सपाट पाठीवरच दोन सोनेरी ठिपके दिसले. चार्जिंगचे. बँड ३ मध्ये ते डबीच्या टोकाला असतात, म्हणून त्याच्या चार्जरच्या खाचेत फक्त टोक जातं. ४ ची मात्र अख्खी डबी चार्जरच्या खोबणीत बसते. शेजारच्या काकांकडचा बँड ४ चा चार्जर लावला, लगेच चार्ज व्हायला लागला.

अर्थात यावरून मॉडेल कळलं, मालक नाही. पट्ट्यावर एक खूण आहे, ती मुद्दाम सांगत नाही. ओळखेल त्याला बँड देईन. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.