पासवर्ड एनक्रिप्ट करायचा की हॅश?

«पासवर्ड एईएस-२५६ने एनक्रिप्ट करा. ते कुणाला फोडता येत नाही. हॅश केला तर युजर विसरल्यावर पासवर्ड परत देता येत नाही. शिवाय सारख्या पासवर्डचा हॅश सारखाच येतो, तयार यादीतून लगेच सापडतो.» पुण्यात सोसायट्या आणि क्लासेससाठी ॲप बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज.

एईएस फोडावं लागतच नाही. प्रत्येक लॉगिनला पासवर्ड उलगडायचा तर चावी सर्व्हरला सतत हाताशी लागते, आणि ती बहुतेक वेळा `.env` फाइलमध्ये असते. सर्व्हरमध्ये घुसणाऱ्याला डेटाबेस आणि चावी दोन्ही मिळतात, की सगळे पासवर्ड एका झटक्यात उघडे. नोकरी सोडून गेलेल्या डेव्हलपरकडे चावीची कॉपी असली तरी तेच. हॅशला चावीच नसते: तो उलगडता येत नाही, लॉगिनला टाकलेल्या पासवर्डचा हॅश काढून साठवलेल्याशी फक्त जुळवतात.

२०१३ मध्ये ॲडोबीचा डेटा फुटला, तेव्हा तर चावीही लागली नाही. सगळे पासवर्ड एकाच चावीने, ट्रिपल डीईएसच्या ईसीबी मोडमध्ये ठेवले होते. त्यामुळे सारख्या पासवर्डचा सायफरटेक्स्टही सारखा, आणि शेजारच्या कॉलमात युजरने लिहिलेली हिंट साध्या मजकुरात. एकाच सायफरटेक्स्टच्या शेकडो हिंट एकत्र वाचल्या की पासवर्ड ओळखू यायचा. म्हणजे सारखेपणाचा दोष एनक्रिप्शनलाही लागतो. दरवेळी नवा आयव्ही, म्हणजे सुरुवातीची रँडम किंमत, वापरून तो जातो, पण चावीचा प्रश्न राहतोच.

हॅशमध्ये हे काम सॉल्ट, म्हणजे पासवर्डला जोडलेला रँडम तुकडा, करतो. पासवर्ड हॅश करणारं बीक्रिप्ट प्रत्येक पासवर्डसाठी १६ बाइटचा नवा सॉल्ट घेतं आणि तो निकालातच ठेवतं. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी नोंदी वेगळ्या दिसतात, तयार यादी निकामी होते.

```
h = bcrypt.hashpw(pw.encode(), bcrypt.gensalt(12))
bcrypt.checkpw(pw.encode(), h)
```

इथला १२ म्हणजे आतल्या २^१२ फेऱ्या. हा मुद्दामचा संथपणा महत्त्वाचा आहे. नुसता एसएचए-२५६ सॉल्टसकट वापरला तरी तो फार वेगवान असतो, ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासता येतात. अर्थात `123456` ठेवणाऱ्याला बीक्रिप्टही वाचवू शकत नाही. आणखी एक मर्यादा: बीक्रिप्ट ७२ बाइटच घेतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे २४ चिन्हांतच जागा संपते. पुढचं काही लायब्रऱ्या गुपचूप कापतात, काही एरर देतात. लांब मराठी पासवर्ड येणार असतील तर ही मर्यादा नसलेला आर्गॉन२आयडी हॅश घ्या.

युजर विसरला तर जुना पासवर्ड सांगायचाच नसतो, सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोन करून मागितला तरीही. ईमेलवर एकदाच चालणारी, अर्ध्या तासात संपणारी रिसेट लिंक पाठवा, आणि तिच्या टोकनचाही हॅशच साठवा.

आधीच एनक्रिप्ट करून बसला असाल तर युजरच्या लॉगिनची वाट पाहू नका. चावी आहे तोवर सगळे पासवर्ड एकदा उलगडून त्यांचे हॅश करा, लॉगिन नीट चालतंय ना ते तपासा, मग जुना कॉलम, जुने बॅकअप आणि चावी तिन्ही पुसून टाका.