रिक्षाची पाठ म्हणजे फ्लेक्सची चौकट नाही

आज सकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला एका रिक्षाच्या मागे थांबले होते आणि डोकंच फिरलं. कुठल्यातरी मसाल्याची जाहिरात होती. हसणारी बाई, हातात वाटी, वर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव. बाईचे डोळे वरच्या पत्र्यावर, ओठ खाली इंजिनाच्या झाकणावर, आणि झाकण जुनं असल्यामुळे बोटभर सरकून बसलेलं, त्यामुळे ओठ नाकाखाली नव्हतेच, गालाखाली गेले होते. झाकणाची खटकी बरोबर दातावर. ब्रँडच्या नावाची शिरोरेषा जोडावर तुटून अर्धी वर अर्धी खाली, आणि दोन्ही टोकांना नाव असं खाली झुकलेलं की जणू अक्षरं घसरून टेललॅम्पवर पडणारेत. नव्वद सेकंदांचा सिग्नल, मी पूर्ण वेळ तेच बघत बसले.

कोणीतरी हे ऑफिसात बसून स्क्रीनवर चौकोनात बनवलं, कोणीतरी पास केलं, कोणीतरी छापलं, आणि यातल्या एकानेही रिक्षाच्या मागे जाऊन उकिडवं बसून ती पाठ बघितली नाही. राग आला कारण मीही हेच केलंय. २०१७ मध्ये.

तेव्हा मी नवीन होते, एका छोट्या जाहिरात कंपनीत डिझाइन करायचे, आणि रिक्षाच्या पाठीचं काम आलं. मला माप दिलं गेलं, लांबी गुणिले रुंदी, बस्स. मी छान आर्टवर्क केलं, क्लायंट खूश, नाना पेठेतल्या एका गॅरेजबाहेर तीन दिवसांत रिक्षांवर चिकटवूनही झालं. जुलैत रात्री साडेनऊला एका रिक्षावाल्या काकांचा फोन. कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या रस्त्यावर रिक्षा बंद पडलेली, धो धो पाऊस, मागे पॅसेंजर, एक म्हातारी आजी, आणि काकांना झाकणाची खटकी सापडेना, कारण ती आमच्या स्टिकरखाली होती. शेवटी त्यांनी खिशातल्या ब्लेडने झाकणाच्या कडेने सरळ चीर मारली आणि उघडलं. फोनवर रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "ताई, तुमचा फोटो फाटला बरं का." त्यांना तेव्हाही फोटोचं वाईट वाटत होतं. हे मी विसरू शकत नाही.

आता ज्यांना वाटतं स्टिकर तो स्टिकर त्यात एवढं काय, त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडच्या बहुतेक पिवळ्या-काळ्या रिक्षांचं इंजिन मागे असतं (बजाजच्या आरईमधलं आरई म्हणजे रिअर इंजिनच). म्हणजे पाठ ही भिंत नाही, ते दार आहे. वर टप, टपाखाली खांद्यासारखा उतरता पत्रा, त्याखाली झाकण, झाकणाला बिजागरी, खटकी, हवा जायला खाचा, बाजूला टेललॅम्प, खाली नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर. मॉडेलप्रमाणे जागा बदलतात पण माल हाच. आख्ख्या रिक्षाची रुंदी १३०० मिलिमीटर, सव्वाचार फुटांच्या आसपास, आणि त्यातला मधला भागच काय तो सपाट, कोपऱ्यांना पत्रा वळतो. असा पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो, आणि कागद किंवा स्टिकर दोन दिशांना वळत नाही. चुणी पडते नाहीतर ताणावं लागतं. मडक्याला वर्तमानपत्र गुंडाळून बघा, लगेच कळेल.

ते अक्षर झुकण्याचं कारणही मडक्यातच आहे. मडक्याच्या पोटाच्या वरच्या भागावर कागदाची सरळ पट्टी लावा. मधे आडवी धरलीत तरी दोन्ही टोकं आपोआप खाली जातात. वर निमुळत्या होत जाणाऱ्या वळणावर सपाट सरळ रेघ अशीच जाते, लावणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. सिग्नलला मागून बघताना नाव सरळ दिसायला हवं असेल तर स्क्रीनवर ते किंचित वाकडं काढावं लागतं, टोकं वर उचलून. आणि मराठीत हे जास्त छळतं, कारण रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, जरा वरखाली झाली तरी खपतात, आपली शिरोरेषा एकसंध, ती एक सूत वाकली तरी डोळ्याला टोचते. जोडावर तुटली तर शब्दच मोडला.

दुसरं, जोडावर स्टिकर ताणून पलीकडे नेणं. हे सगळ्यात वाईट. चिकटवताना मस्त दिसतं, एकदम गुळगुळीत, क्लायंटला फोटो जातो. पण खाली फट आहे, तिथे स्टिकरला धरायला काहीच नाही, तो तंबूसारखा हवेत ताणलेला. पत्रा उन्हात तापतो, आतून इंजिन तापवतं, रस्त्यावर खडखडाट, मग तो सुटायला लागतो, आधी बारीक फुगे ओळीने, मग काळी रेघ, म्हणजे आत धूळ-पाणी गेलं. ओळखायचं असेल तर जोडावरून नख हलकेच फिरवा, खाली पोकळ लागलं की समजा हा पावसाळा निघत नाही.

योग्य काम असं असतं, की झाकण आणि पत्रा हे दोन वेगळे तुकडे धरायचे. जोडावर स्टिकर कापायचा आणि दोन्हीकडची कड पाच-सहा मिलिमीटर आत वळवून हीट गनने बसवायची, म्हणजे झाकण उघडतं आणि कडेला पाणी धरत नाही. खाचांवर चिकटवायचंच नाही, तिथून इंजिनाला हवा मिळते. आणि कापायचं तेसुद्धा पत्र्यावर ब्लेड टेकवून नाही. बारीक दोरा असलेली एक टेप मिळते, ती आधी जोडाच्या कडेला लावायची, वर स्टिकर चिकटवायचा आणि दोरा ओढला की स्टिकर स्वच्छ कापला जातो, रंगाला ओरखडा नाही.

हा ओरखडा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण कात्रजच्या त्या काकांची गोष्ट तिथे संपली नव्हती. पुढच्या वर्षी ते पासिंगच्या आधी भेटायला आले. जिथे ब्लेड फिरलं होतं त्या आख्ख्या रेघेवर गंज. रंग कापला गेला, स्टिकरखाली पाणी मुरलं, आणि पत्रा आतून खाल्ला. अंगठ्याने दाबलं तर पापुद्रे निघत होते. डेंटिंग-पेंटिंगला त्यांना जाहिरातीतून मिळालेल्या पैशांच्या दुप्पट खर्च आला. कंपनीने हात वर केले, "ब्लेड त्यांनी मारलं ना." हो मारलं. पावसात, अंधारात, मागे आजी बसलेली असताना.

माल स्वस्त वापरतात हे वेगळंच. स्टिकरचं प्लास्टिक म्हणजे व्हिनाईल, ते दोन प्रकारचं असतं, एक लाटलेलं आणि एक ओतलेलं, मी असंच समजावते. लाटलेलं म्हणजे रोलरमधून दाबून काढलेलं, पोळीसारखं, ताण दिला की आखडायला बघतं. ओतलेलं म्हणजे घावनासारखं, पातळ ओतून भाजलेलं, त्याच्यात ताण नसतो, ते पातळही असतं, साधारण ५० मायक्रॉन, आणि वळणावर निमूट बसतं. सपाट दुकानाच्या पाटीला लाटलेलं चालतं, उगाच पैसे घालू नका. पण वळलेल्या पत्र्यावर ते हीट गनने ताणून बसवलं की चार-सहा महिन्यांत आखडून कोपऱ्यांतून उठतंच. ओतलेलंही ताणलेल्या जागी बसवल्यावर पुन्हा ९० अंशांच्या वर तापवावं लागतं, म्हणजे ते आपला जुना आकार विसरतं. ही शेवटची दहा मिनिटं कोणी देत नाही.

ठीके, मला माहितीये पाचशे रिक्षांचं काम असतं, बजेट नसतं, आणि ओतलेलं व्हिनाईल महाग आहे. मान्य. पण पॅटर्न काढायला पैसे लागत नाहीत! एका मॉडेलचा पॅटर्न एकदाच काढायचा, त्यावर पाचशे रिक्षा निघतात. हे मला शिकवलं नाना पेठेतल्याच एका अण्णांनी, आयुष्यभर रिक्षांच्या पाठी हाताने रंगवलेले. गंज दाखवून काका गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले होते, खरं सांगायचं तर रडायलाच. त्यांनी बटर पेपर आणायला लावला, पाठीवर चिकटपट्टीने लावला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला सांगितलं. लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो ना, तसं. जोड, बिजागरी, खटकी, खाचा, पत्र्यावरची दाबाची रेघ, सगळं कागदावर उमटलं. अर्धा तास लागला. मग म्हणाले, "आता बघ, गाडी तुला जागा दाखवतीये."

आणि खरंच दाखवते. झाकणाच्या वर पत्र्याला दाबाची रेघ असेल तर शिरोरेषा त्या रेघेवरच टाका, पत्राच ओळ धरतो, शब्द कोरल्यासारखा दिसतो. चेहरा असेल तर आख्खा एका तुकड्यात बसवा, जोडापासून किमान इंचभर लांब. जोडावरून जे जायचंय ते साधा रंग असू दे, किंवा वेलबुट्टी, जी एक सूत सरकली तरी कोणाला कळत नाही. वाटी झाकणावर ठेवा, वाफ वरच्या पत्र्यावर जाऊ दे, मधली फट वाफेत विरते. सकाळच्या मसाल्याचं एवढंच करायचं होतं हो. तीच बाई, तीच वाटी.

अण्णा जोड लपवायचे नाहीत. ते मोराचं चित्र काढायचे तर मान वर आणि पिसारा झाकणावर, झाकण उघडलं की पिसारा वर उचलला जायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय आणि लिहिताना आत्ताही बरं वाटतंय.

तर सिग्नल सुटल्यावर मी त्या रिक्षाच्या मागे मागे गेले, म्हात्रे पुलाच्या अलीकडे त्यांनी बाजूला घेतली तेव्हा बोलले. काका आधी वैतागले, त्यांना वाटलं मी धडक दिली. मग मी वाकून जोडावरून नख फिरवून दाखवलं. ते म्हणाले जाहिरातीची मुदत मागच्याच महिन्यात संपली, काढायला कोणी आलं नाही, आणि स्वतः ओढायला गेले तर रंगासकट निघेल अशी भीती वाटते. भीती बरोबर आहे, थंड स्टिकर सरळ बाहेर ओढला तर जुना रंग सोबत येतो. तापवून, कोपऱ्यातून, उलट दुमडून पत्र्याला लागून हळूहळू ओढायचा. त्यांना म्हटलं रविवारी या, मी हीट गन घेऊन असते, फटीत गंज धरलाय का तेही बघू.

त्यांनी एकच विचारलं, "पैशाचं काय ते बघू ओ मॅडम, पण झाकण नीट उघडंल ना नंतर? चार महिने झाले, गॅरेजवालाच उघडतोय पान्याने." उघडेल म्हटलं.