‘नॉरॲड्रेनालिनने ठोके वाढतात’ हे उत्तर चूक आहे

‘ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन यांच्यात फक्त नावाचा फरक आहे. दोन्ही अल्फा व बीटा रिसेप्टरवर सारखेच काम करतात, म्हणून दोन्हींनी बीपी आणि ठोके वाढतात. टायरोसिनपासून ॲड्रेनालिनपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या ग्रॅन्युलमध्ये होतात. कॉर्टेक्सचा यात संबंध नाही. एवढे लिहा, पूर्ण गुण मिळतात.’

वैद्यकीय पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने ॲड्रिनल ग्रंथीच्या या दोन संप्रेरकांवरचा हा मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवला होता. गटागटांतून फिरत तो तिच्यापर्यंत पोहोचला होता. पाठ केलेले चुकीचे उत्तर पुढे रुग्णाच्या खाटेपाशीही तसेच आठवते, म्हणून ते खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक विधान ठोक्यांचे आहे. एका निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८० आणि नाडी मिनिटाला ७२ आहे असे धरू. त्याला शिरेतून नॉरॲड्रेनालिन हळूहळू दिले, तर ते मुख्यतः अल्फा-१ रिसेप्टरवर काम करून त्वचा, आतडी, मूत्रपिंड आणि स्नायू यांच्या धमनिका आकुंचित करते. बीटा-२ वर त्याचा जोर फारच कमी असल्यामुळे स्नायूंमधील रक्तवाहिन्या त्याने सैलावत नाहीत. एकूण परिघीय रोध वाढतो आणि रक्तदाब, समजा, १५०/९५ होतो. मग सरासरी दाब ९३ वरून सुमारे ११३ वर जातो. हा ताण मानेतील आणि महाधमनीतील बॅरोरिसेप्टर लगेच टिपतात, व्हेगस चेतातंतू हृदयाला आवरतो आणि नाडी ७२ वरून ५५ ते ६० पर्यंत उतरते. उत्तरपत्रिकेत लिहायचे ते हेच, की ठोके मंदावतात.

त्याच माणसाला ॲड्रेनालिन माफक मात्रेत दिले, तर चित्र वेगळे दिसते. बीटा-१ मुळे हृदय जोराने आणि वेगाने आकुंचन पावते, तर बीटा-२ मुळे स्नायूंतील रक्तवाहिन्या सैलावून एकूण रोध घटतो. दाब १५०/७० च्या आसपास येतो, म्हणजे वरचा वाढतो आणि खालचा उतरतो. सरासरी दाब जेमतेम ९७ असल्याने बॅरोरिसेप्टरचा आवर सौम्य राहतो आणि नाडी ९० च्या पुढे जाते. नाडीदाब, म्हणजे वरच्या व खालच्या दाबातील अंतर, ४० वरून ८० होते. परीक्षक नेमके हेच अंतर शोधतात.

मजकुरात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. नॉरॲड्रेनालिनसुद्धा बीटा-१ चे उद्दीपक आहे, त्यामुळे शरीराबाहेर काढलेल्या हृदयावर ते टाकले तर ठोके वाढतातच. आधी ॲट्रोपिन देऊन व्हेगसचा आवर काढला, तर धडधाकट माणसातही नॉरॲड्रेनालिन नाडी वाढवते. थेट परिणाम आणि प्रतिक्षिप्त परिणाम यांतील भेद कळला की हा घोळ उरत नाही. जास्त मात्रेत ॲड्रेनालिनही अल्फा-१ द्वारे खालचा दाब वाढवते, हेही खरे. परंतु त्यावरून दोन्ही सारखी ठरत नाहीत. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये एकमेकांशी नाते असलेल्या अमाइनांची ताकद वेगवेगळ्या अवयवांवर तपासली, आणि ताकदीचा क्रम अवयवागणिक बदलतो हे पाहूनच अल्फा आणि बीटा ही विभागणी केली. दोन्ही द्रव्ये सर्वत्र सारखी वागत असती, तर ही विभागणी सुचलीच नसती.

संश्लेषणाचा क्रम मजकुरात बरोबर असेल, पण जागा चुकली आहे. टायरोसिनपासून डोपा बनवणारे टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, म्हणजे संपूर्ण मार्गाचा वेग ठरवणारे विकर, आणि डोपापासून डोपामिन बनवणारे विकर, ही दोन्ही पेशीद्रवात असतात. डोपामिन ग्रॅन्युलमध्ये ओढले जाते आणि तिथे डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज त्याचे नॉरॲड्रेनालिन करते; त्यासाठी तांबे आणि क जीवनसत्त्व लागते. ते नॉरॲड्रेनालिन पुन्हा पेशीद्रवात येते, पीएनएमटी हे विकर त्याला मिथिल गट जोडून ॲड्रेनालिन बनवते, आणि ते साठवणीसाठी परत ग्रॅन्युलमध्ये जाते.

कॉर्टेक्सचा संबंध नाही, हे विधान तर अजिबात टिकत नाही. ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, आतल्या गाभ्याकडे, म्हणजे मेड्युलाकडे, वाहणाऱ्या रक्तात कॉर्टिसोल भरपूर असते आणि तेच पीएनएमटीची निर्मिती टिकवून धरते. म्हणूनच माणसाच्या मेड्युलातून स्रवणाऱ्या या दोन संप्रेरकांत सुमारे ८० टक्के ॲड्रेनालिन असते, आणि ग्रंथीबाहेर वाढणाऱ्या पॅरागँग्लिओमा गाठी, त्याच जातीच्या पेशींच्या असूनही, बहुधा नॉरॲड्रेनालिनवरच थांबतात.