शनिवारी रात्री 12 ते 4

बेळगावातल्या आमच्या गणेश मंडळाचे कार्यवाह अण्णा वर्षभर व्हॉट्सअॅपवर काही म्हणजे काही लिहीत नाहीत. अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आली की मात्र त्यांचा मेसेज पडतो, आणि तो वाचून अख्ख्या गल्लीचा रक्तदाब वाढतो. कोण, कधी, कुठं, काय करायचं याची ती यादी असते. आधी हिशेबाच्या वहीत लिहिलेली, मग सुनेकडून टाईप करून घेतलेली.

2025 सालचा मेसेज मी जपून ठेवलाय. विसर्जन 6 सप्टेंबरला, शनिवारी होतं. पहिलीच ओळ अशी: "शनिवार दि. 6, रात्री 12 ते 4, मंडप राखण : मी" (म्हणजे मी, अण्णा नव्हेत) "व संतोष."

आता गल्लीत संतोष तीन आहेत. एक बँकेतला, एक नळवाला आणि एक खानापूरहून सासरी राहायला आलेला. तिघांनीही मेसेजला अंगठा दाखवला. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा असतो, 'येतो' असा नसतो, हे अण्णांना अजून पटलेलं नाही. त्यानंतर चाळीसेक जणांनी 'गणपती बाप्पा मोरया' लिहिलं, दोघांनी फुलं पाठवली, कुणीतरी कुंद्याचा फोटो टाकला आणि मूळ मेसेज इतका वर गेला की शोधायला बोट दुखावं. मेसेज पिन करा म्हणून मी सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "टाचणी कुठं मिळते बघतो की."

पण खरा घोटाळा संतोषचा नव्हता, वाराचा होता. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो आणि मोबाईलचा मध्यरात्री. आपण माणसं पंचांगाच्या बाजूची. शुक्रवारी झोप लागेपर्यंत आपल्या लेखी शुक्रवारच असतो, मग घड्याळात दोन वाजले तरी. अण्णांनी टाईप करून घेताना मोबाईलचा वार धरला होता. त्यामुळे 'शनिवार रात्री 12' म्हणजे शुक्रवारची रात्र उलटून सुरू होणारा शनिवार, की शनिवारी मिरवणूक निघाल्यानंतरची रात्र, हे ज्यानं त्यानं आपल्या झोपेच्या सोयीनं ठरवलं.

मी शुक्रवारी रात्री जाऊन बसलो. कारण साधं होतं, शनिवारी रात्री राखायला मंडपात गणपती असणारच नाही. दहाच्या पुढं स्पीकर बंद, त्यामुळे गल्ली शांत. समईत तेल घातलं, दानपेटीचं कुलूप ओढून बघितलं, नैवेद्याच्या ताटावर नजर ठेवून बसलेल्या कुत्र्याला हाड् केलं. संतोषपैकी एकाचाही पत्ता नाही. फोन केला तर दोघं उचलेनात. बँकवाल्यानं उचलला आणि अर्धवट झोपेत म्हणाला, "आमची ड्यूटी उद्या रात्री आहे की!"

"उद्या रात्री मंडपात काय राखणार तू? बांबू?"

"म्हणूनच तर हो म्हणालो."

राखणीला दोन माणसं का लागतात, हे मला त्या रात्री पावसानं शिकवलं. मंडपाच्या ताडपत्रीवर पाणी साचलं की तिला पोट सुटतं, आणि ते पोट नेमकं मूर्तीच्या डोक्यावरच सुटतं. पाणी काढायचं तर बांबूनं कडेकडून ढकलत न्यायचं. मधेच दणका दिला तर ताडपत्री फाटून अख्खं पाणी खाली येतं. शिवाय आधी रोषणाईचा मेन स्विच बंद करायला हवा, कारण ओल्या बांबूच्या टोकाशी लाईटच्या माळा असतात. म्हणजे एकानं बॅटरी धरायची आणि दुसऱ्यानं बांबू. मी बॅटरी दातात धरली. गस्तीचे हवालदार आले तेव्हा मी काळोखात, दातात बॅटरी, हातात बांबू अशा अवतारात उभा. त्यांनी आधी काठी सावरली, मग विचारलं, "दुसरा कोण?" मी तोंडातली बॅटरी काढून म्हणालो, "झोपलाय." ते म्हणाले, "दर मंडळात तोच असतोय."

सकाळी अण्णांना गाठून म्हटलं, वार बदला. लिहा, 'शुक्रवारची रात्र उलटून शनिवारी पहाटे 12 ते 4'. आणि नावापुढं धंदा लिहा. लांबलचक होतं, पण मग कुणाला पळवाट राहत नाही. अण्णांनी मान डोलावली आणि मिरवणुकीची यादी पुढं केली. 'दुपारी 4 ते 8 दोर, 8 ते 12 दोर, 12 ते 4 दोर.'

बेळगावची विसर्जन मिरवणूक ज्यानं बघितलीय तो इथंच हसेल. हुतात्मा चौकात रांगेत आपला नंबर कधी लागेल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालतच असते. आठच्या दोरवाल्यानं जेवून-खाऊन आठला हजर व्हायचं कुठं? गणपती तेव्हा रामदेव गल्लीत असेल की चौकातच अडकला असेल? चारचा गडी मात्र घड्याळ बघून आठला दोर सोडून चहाला जातो. मग ट्रॉलीभोवतीचं रिंगण मोकळं आणि पोरं चाकापाशी.

शेवटी अण्णांनी वहीचं पान फाडून नवं लिहिलं, आणि मला विचाराल तर त्या वर्षीचं मंडळाचं सगळ्यात मोठं काम तेच. घड्याळ काढून टाकलं आणि जागा घातल्या. पहिली तुकडी हुतात्मा चौक ते यंदे खूट, दुसरी तिथून धर्मवीर संभाजी चौक, तिसरी रामलिंगखिंड गल्लीतून टिळक चौकमार्गे शनी मंदिर, चौथी शनी मंदिर ते कपिलेश्वर तलाव. गणपती कधीही येवो, तुमच्या कोपऱ्यावर तुम्ही दोर घ्यायचा. बदली माणूस दोराला हात लावत नाही तोवर पहिल्यानं सोडायचा नाही. समोरचे दोघं आणि मागचे दोघं एकदम बदलायचे नाहीत, आधी पुढचे, शंभर पावलांनी मागचे. बेचक्याच्या काठीनं वायर उचलणारे दोघं आणि चाकाखाली ठोकळा घालणारे दोघं मात्र शेवटपर्यंत तेच. ट्रॉलीची उंची आणि चाकाचा स्वभाव ज्याच्या अंगवळणी पडलाय त्याला अर्ध्या वाटेत बदललं, तर कपिलेश्वरच्या पुलाच्या उतारावर नवा गडी ठोकळा घेऊन ट्रॉलीच्या मागं पळत असतो. पुढं असायला हवा.

मराठी वाचता न येणाऱ्या आमच्या कन्नड शेजाऱ्यांसाठी नळवाल्या संतोषनं तेच सगळं कन्नडमध्ये बोलून पाठवलं. त्याचा मेसेज सगळ्यात जास्त ऐकला गेला, मराठी लोकांकडूनही. वाचायचा कंटाळा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच.

आणि काय सांगू, जमलं. घरी जाऊन झोपलेला चौथ्या तुकडीचा माणूससुद्धा ढोल जवळ आल्यावर शनी मंदिरापाशी डोळे चोळत उभा होता. बँकवाला संतोष तर ठोकळ्यावर होता आणि पुलावर त्यानं ट्रॉली हाताएवढीही घसरू दिली नाही. राखणीचं नाव मात्र तो अजून काढू देत नाही.

यादीची शेवटची ओळ बदलायची राहूनच गेली होती. 'सोमवार सायंकाळी 5, मंडप उतरवणे व सफाई : सर्व कार्यकर्ते.' या ओळीला सगळ्यात जास्त अंगठे पडले होते. सोमवारी पाचला अण्णा आले, मी आलो आणि आपले बांबू मोजून न्यायला मंडपवाला आला. साडेपाचपर्यंत वाट बघून त्यानं एक वासा माझ्या खांद्यावर ठेवला आणि अण्णांना विचारलं, "सर्व ते हेच काय हो?"