फ्लॅट कंपनीला दिलाय, मग जीएसटी कोणी भरायचा?

"फ्लॅट कंपनीला भाड्याने दिलाय आणि तुमचा स्वतःचा धंदाही जीएसटीत आहे? मग भाड्यावर १८ टक्के तुम्हालाच भरावे लागणार. फ्लॅट फर्मच्या नावावर न ठेवता स्वतःच्या नावावर ठेवा, म्हणजे रिटर्नमध्ये दाखवायलाच नको. आणि भाडेकरूने कर बुडवला तर वसुली मालकाकडून होते. सर्व ग्रुपवर पाठवा."

भोसरीत फॅब्रिकेशनचा धंदा करणारे माझे एक अशील हाच मेसेज आणि रिटर्नमधल्या तफावतीचा खुलासा मागणारी एक ASMT-10 नोटीस घेऊन आले होते. त्यांचा कोथरूडचा फ्लॅट एका कंपनीने आपल्या इंजिनिअरला राहायला घेतला होता, महिना ३२,००० रुपये भाड्याने. कंपनीने टीडीएस कापल्यामुळे २०२३-२४ चं ३,८४,००० रुपये भाडं आयकराच्या 26AS विवरणात दिसत होतं, विक्रीच्या GSTR-1 रिटर्नमध्ये मात्र नव्हतं. अधिकाऱ्याने १८ टक्क्यांनी ६९,१२० रुपये काढून खुलासा मागितला होता. आमचे गृहस्थ भरून मोकळे व्हायला निघाले होते.

भरायचा प्रश्नच नव्हता. राहण्यासाठी दिलेल्या घराचं भाडं आधी सरसकट माफ होतं. १८ जुलै २०२२ पासून भाडेकरू जीएसटीत नोंदलेला असेल तर ती माफी गेली, आणि त्याच दिवसापासून हा कर रिव्हर्स चार्जखाली, म्हणजे देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा म्हणून, भाडेकरूवर टाकला गेला. रिव्हर्स चार्जच्या यादीतल्या या नोंदीत घर देणाऱ्याच्या रकान्यात 'कोणतीही व्यक्ती' असं आहे. मालक नोंदलेला आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. कंपनीने महिन्याला ५,७६० रुपये रोखीने भरायचे (खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वापरून चालत नाही), GSTR-3B रिटर्नच्या 3.1(d) मध्ये दाखवायचे आणि खर्च धंद्यासाठी असेल तर तेवढं क्रेडिट घ्यायचं. भाडेकरू स्वतः प्रोप्रायटर असून घर खासगीत, स्वतः राहायला घेत असेल आणि भाडं फर्मचा खर्च म्हणून दाखवत नसेल, तर १ जानेवारी २०२३ पासून त्याच्यावरही कर नाही.

नावाबद्दलचा सल्ला मात्र सगळ्यात महागात पडणारा आहे. प्रोप्रायटर आणि त्याची फर्म कायद्याला वेगळी दिसत नाहीत. पॅन एकच, उलाढालही एकच. फ्लॅट आईने दिलेला असो की गृहकर्जावर घेतलेला, कंपनीकडून येणारं भाडं त्याच उलाढालीत धरलं जातं. म्हणून बिल करायचं, त्यावर 'कर रिव्हर्स चार्जने देय' असं लिहायचं, कराची रक्कम लावायची नाही आणि ते GSTR-1 च्या 4B मध्ये दाखवायचं. आमच्या गृहस्थांनी हे केलं नव्हतं, प्रश्न तिथूनच उभा राहिला.

यात एक बारीक काटा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. क्रेडिटची विभागणी करताना असं भाडं करमाफ उलाढालीत मोजलं जातं. म्हणजे सामाईक खर्चावरच्या, उदाहरणार्थ सीएची फी किंवा ऑफिसचा फोन, क्रेडिटचा थोडा भाग परत करावा लागतो. यांची धंद्याची उलाढाल ६२ लाख, भाडं धरून ६५.८४ लाख. भाड्याचा वाटा ५.८३ टक्के, सामाईक क्रेडिट ९,००० रुपये, म्हणजे परत करायचे ५२५. व्याजासह ते DRC-03 या स्वतःहून कर भरण्याच्या फॉर्मने भरले. ६९,१२० च्या जागी एवढंच खरं देणं होतं.

वसुलीची भीतीही निराधार. कलम ९(३) प्रमाणे रिव्हर्स चार्जमध्ये घेणारा हाच कर भरणारा समजून सगळ्या तरतुदी त्यालाच लागू होतात. कंपनीने कर चुकवला तर नोटीस कंपनीला जाईल. तरीही आम्ही कंपनीकडून कर भरल्याचं पत्र घेतलं. कायद्याने त्याची गरज नव्हती, पण टेबलापलीकडच्या माणसाचं समाधान लवकर होतं.

मेसेजवाल्याने खरा धोका लिहिलाच नाही. कंपनीने फ्लॅटमध्ये ऑफिस थाटलं तर? 'निवासी घर' याची व्याख्या जीएसटी कायद्यात नाही, त्यामुळे अधिकारी ती जागा व्यापारी ठरवू शकतो. व्यापारी जागेचा मालक नोंदलेला नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून कर भाडेकरूवर जातो, पण मालक नोंदलेला असेल तर तो मालकानेच लावून भरायचा. अशा वेळी आमच्या गृहस्थांची मान अडकली असती. सुदैवाने नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात 'कर्मचाऱ्याच्या निवासासाठी' हे शब्द होते आणि वीजबिल घरगुती दराचं होतं. दोन्ही नोटिशीच्या ASMT-11 उत्तराला जोडली. दीड महिन्याने खुलासा मान्य केल्याचं ASMT-12 आलं, प्रकरण बंद.