पाकीट परत पाठवलं, मुदत थोडीच परत गेली

"बँकेची ६० दिवसांची नोटीस आली? घाबरू नका! १) नोटीस घेऊच नका, पोस्टमनला परत न्यायला सांगा. हातात पडली नाही तर मुदत सुरूच होत नाही. २) बँक पूर्ण कर्जच मागते, म्हणून थोडंथोडं भरून पैसे वाया घालवू नका. ३) कोर्टाच्या हुकमाशिवाय घराला कुणी हात लावू शकत नाही. ४) घर लगेच बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर करा. ५) सहकारी बँकांना हा कायदा लागू नाही. प्रत्येक कर्जदारापर्यंत पोचवा!"

हा मेसेज माझ्या आतेभावापर्यंत पोचला आणि त्याने त्यातला पहिला सल्ला तंतोतंत पाळला. दारात आलेलं रजिस्टर पाकीट परत पाठवलं आणि महिनाभर निवांत झोपला. परवा आत्याचा फोन आला, "अरे, दारावर कसला तरी कागद चिकटवून गेलेत." मी बावीस वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली. त्यामुळे कागद न बघताही तो कसला असणार हे मला कळलं.

ही नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खालची असते. खातं एनपीए झाल्याशिवाय, म्हणजे साधारणपणे हप्ता ९० दिवसांहून जास्त थकल्याशिवाय, बँकेला ती काढता येत नाही. आणि साठ दिवस मोजायचे ते कायद्याच्या शब्दांत "नोटिशीच्या तारखेपासून". पाकीट कधी हातात पडलं यावर नंतर वकील वाद घालतात, घालू देत. कर्जदाराने आपला हिशोब कागदावर छापलेल्या तारखेपासूनच धरावा. माणूस पाकीट टाळतो हे काही बँकांना आज कळलेलं नाही. त्याची सोय नियमांतच आहे : घराच्या दारावर नोटीस चिकटवायची आणि दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पोस्टाचा 'घेण्यास नकार' हा शेरा तर बँकेच्या फाइलीत जपून ठेवला जातो, कारण तो तुमच्याविरुद्धचा पुरावा असतो. भावाच्या नोटिशीवर तारीख होती ३ जून. साठ दिवस २ ऑगस्टला संपतात. मी कागद हातात घेतला २० जुलैला, म्हणजे उरले तेरा दिवस. बाकीचे सत्तेचाळीस या मेसेजने खाल्ले.

दुसऱ्या मुद्द्याचा मला सर्वांत जास्त राग आहे, कारण त्यात थोडं खरं आहे. नोटीस पूर्ण येणं मागते, हे कबूल. भावाच्या नोटिशीत आकडा होता १८ लाख ४० हजार, आणि तो बघूनच माणसाचे हातपाय गळतात. पण थकलं होतं किती? फेब्रुवारी ते जुलै, २१,५०० चे सहा हप्ते, म्हणजे १ लाख २९ हजार आणि वर थोडं दंडव्याज. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरली की एनपीए खातं पुन्हा नियमित करता येतं. सगळं कर्ज नव्हे, सगळी थकबाकी. एक हप्ता भरून मात्र काही होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा कुणाचा तरी असाच एखादा हप्ता 'वाया' गेलेला पाहिला असेल. थकबाकी भरली म्हणून नोटीस आपोआप रद्द होते, असंही समजू नका. शाखेकडून लेखी घ्या की खातं नियमित झालंय आणि पुढची कारवाई थांबवलीय. घरकर्जात बहुतेक शाखा हे करतात, कारण लिलावाचा उपद्व्याप त्यांनाही नको असतो.

दुसरा मार्ग आक्षेपाचा. कलम १३(३अ) प्रमाणे साठ दिवसांच्या आत लेखी आक्षेप दिला, तर बँकेला तो मिळाल्यापासून १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावंच लागतं. ही तरतूद कायद्यात आली ती मार्डिया केमिकल्स खटल्यातल्या २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. पण "माझी परिस्थिती वाईट आहे" एवढ्यावर बँक एका ओळीचं उत्तर देऊन मोकळी होते. आक्षेप आकड्यांचा हवा. भावाच्या खात्यात विम्याचा हप्ता दोनदा नावे टाकलेला होता. उताऱ्याच्या तारखांसह तेच लिहिलं. उत्तर पटलं नाही म्हणून लगेच कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, मात्र जाता येत नाही. ते दार उघडतं बँकेने ताबा घेण्याचं पाऊल उचलल्यावर. तिथून ४५ दिवसांत डीआरटीकडे अर्ज करायचा. हे न्यायाधिकरण मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहे.

कोर्टाच्या हुकमाचं काय? हा कायदाच मुळी कोर्टात न जाता वसुली व्हावी म्हणून केलेला आहे. साठ दिवस उलटले की बँकेचा अधिकृत अधिकारी दारावर ताब्याची नोटीस लावतो आणि ती सात दिवसांत पेपरात छापतो. याला म्हणतात प्रतीकात्मक ताबा, आणि त्याला कुणाचा हुकूम लागत नाही. तुम्हाला घराबाहेर काढायचं असेल तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. हुकूम लागतो तो इथे, तेवढं खरं. पण तिथे बँकेचं प्रतिज्ञापत्र आणि कागद तपासले जातात, तुमचं गाऱ्हाणं ऐकलं जात नाही. ज्याला तो हुकूम म्हणजे आपली ढाल वाटते, त्याच्यासाठी तो पोलीस बंदोबस्ताचा कागद ठरतो.

नावावर करून देण्याचा सल्ला तर थेट तुरुंगाची वाट. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय गहाण मालमत्ता विकता किंवा भाड्याने देता येत नाही, बक्षीसपत्रही करता येत नाही. मोडलंत तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. आणि गहाणखत घराला चिकटलेलं असतं, ते वहिनीच्या नावाबरोबरही जातंच.

सहकारी बँकांचा वाद मात्र खरोखर अनेक वर्षं चालला. तो संपला मे २०२० मध्ये, आणि तोही आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, कायदा लागू. पतसंस्था ही बँक नव्हे, तिची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्याने होते. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. कुठल्यातरी शेतकऱ्याची गोष्ट ऐकून फ्लॅटवाल्याने निर्धास्त होऊ नये.

मेसेजमध्ये नाही पण आमच्या घरात आहे असा एक समज : लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे नेऊन टाकू. पूर्वी ते चालायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

भावाने सोसायटीच्या फंडातून आणि आत्याच्या पाटल्या गहाण ठेवून थकबाकी जमवली. २३ जुलैला आक्षेपाच्या दोन प्रती शाखेत नेल्या. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "ठेवून जा, साहेब आले की देतो." मी म्हटलं, आधी आमच्या प्रतीवर आवक शिक्का मार, तारखेसकट, मग ठेवतो.